६.२ चा ग्रूव्ह

सोळाही बोल्ट आवळून झाले होते, तरी झाकण बसलेलं नव्हतं. हे आम्हाला कळलं मात्र बऱ्याच उशिरा, पाणी गळायला लागल्यावर.

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी ऑइल फिल्टरच्या हाउसिंगची हायड्रो टेस्ट होती, म्हणजे आत पाणी भरून, दाब देऊन गळती पाहायची. आडवं हाउसिंग, टोकाला गोल झाकण. झाकणात गोल खाच, म्हणजे ग्रूव्ह, आणि त्यात ६ मिलीमीटरची नायट्राइल रबराची कॉर्ड कापून, टोकं चिकटवून केलेली ओ-रिंग. अर्ध्या मीटरच्या वरची ही रिंग, अशा मापाला आम्ही कॉर्डच वापरतो. कामाचा दाब ६ बार, टेस्ट ९ बारला. पार्टीचे इन्स्पेक्शनचे साहेब ठाण्याहून सकाळीच आले होते. अशी बारा झाकणं द्यायची होती, त्यातली पाच तयार होती.

४ बारला झाकणाच्या खालच्या अंगाला पाण्याचा थेंब दिसला. पोरांनी तिथले दोन बोल्ट अजून आवळले. थेंब थांबला आणि हातभर अंतरावर दुसरा आला. तिथे आवळलं तर तिसरीकडे. लांब पाइप लावून आवळायची तयारी सुरू झाली, तेव्हा मी पंप बंद करायला सांगितला. गळती जागा बदलत असेल तर आवळणं कमी पडलेलं नसतं, फ्लॅन्ज वाकत असतो. बोल्टपाशी तो जवळ येतो आणि दोन बोल्टांच्या मधे फुगतो.

दाब सोडला आणि फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा फिलर गेज घेतला. आमच्या या जोडणीत झाकण आणि फ्लॅन्ज धातूला धातू टेकायला हवेत, फट शून्य. बोल्टजवळ ०.३० ची पत्ती आत गेली. दोन बोल्टांच्या मधे ०.४० ची गेली.

साहेब म्हणाले, "मॅडम, ग्रूव्ह उथळ झालाय. कॉर्ड वर राहते म्हणून बसत नाही."

पहिला अंदाज कुणाचाही हाच होईल. मी डेप्थ मायक्रोमीटर लावला. चार ठिकाणी मोजलं, सगळीकडे ४.५०. ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत. सहाची कॉर्ड साडेचारमध्ये दाबायची म्हणजे दीड मिलीमीटर दबली, सहाच्या २५ टक्के. या दबण्यालाच स्क्वीझ म्हणतात. झाकणासारख्या समोरासमोरच्या, न हलणाऱ्या सीलला आम्ही २० ते ३० टक्के स्क्वीझ ठेवतो. त्यात हे बरोबर मधोमध होतं. पार्टीचं ड्रॉइंग आलं तेव्हा मी एवढंच पाहिलं होतं आणि सही करून पुढे पाठवलं होतं. खोली बरोबर, स्क्वीझ बरोबर, म्हणजे ग्रूव्ह बरोबर, असं मी धरून चालले. हे मला आजही खुपतं, कारण रुंदीचा आकडा त्याच ड्रॉइंगवर खोलीच्या शेजारीच लिहिलेला होता: ६.२.

झाकण खोललं. कॉर्ड ग्रूव्हमध्ये इतकी घट्ट ठोसली गेली होती की उपटून काढावी लागली. तिच्या दोन्ही कडांना पातळ पापुद्रा सुटला होता आणि तीन ठिकाणी तो कापला गेला होता. गळती नेमकी त्याच तीन ठिकाणी होती. जागा न मिळालेलं रबर फटीत शिरतं आणि ग्रूव्हच्या काठावर चिरडलं जातं, त्याची ही खूण. स्क्वीझ कमी पडून गळालेली रिंग अशी दिसत नाही. ती जवळजवळ गोलच राहते, दाबाचा पट्टा अरुंद असतो आणि कडा शाबूत असतात.

मग व्हर्नियरने कॉर्ड मोजली. ६.२ भरली. साच्यातल्या रिंगची जाडी फारशी हलत नाही, पण डायमधून ढकलून काढलेल्या कॉर्डचं तसं नसतं. आमच्या हाताखालून गेलेल्या सहाच्या कॉर्डमध्ये ५.८ पासून ६.३ पर्यंत सगळं सापडलेलं आहे.

साहेबांना पटवायला मी त्याच कॉर्डचा बोटभर तुकडा कापला आणि बाकावरच्या व्हाइसमध्ये धरून जबडे ४.५ पर्यंत आणले. तुकडा दोन्ही बाजूंना फुगला. फुगवटा मोजला तर साडेसात मिलीमीटरच्या आसपास. म्हटलं, "साडेचारमध्ये दाबल्यावर हिला साडेसात लागतात, आणि आपण ६.२ च दिलेत."

रबर मऊ असतं म्हणून ते दाबलं की लहान होतं, असं वाटतं. तसं होत नाही. त्याचा आकार बदलतो, आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं. वरून दीड मिलीमीटर दाबलं तर तेवढं रबर बाजूला कुठेतरी गेलंच पाहिजे. ते कुठे जाणार हे ग्रूव्हची रुंदी ठरवते. म्हणून खोली स्क्वीझवरून काढायची आणि रुंदी क्षेत्रफळावरून. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर लागतं.

मी साहेबांच्याच वहीत मांडलं. कॉर्ड ६.२ ची, म्हणजे तिच्या गोल कापाचं क्षेत्रफळ ६.२ गुणिले ६.२ गुणिले ०.७८५४, म्हणजे ३०.१९ चौरस मिलीमीटर. ग्रूव्हचं ६.२ गुणिले ४.५, म्हणजे २७.९. तीस लिटर पाणी अठ्ठावीस लिटरच्या डब्यात भरायचं होतं. उरलेलं रबर मावायला झाकण किती उचललं जाईल? ३०.१९ ला ६.२ ने भागलं तर ४.८७ येतात. त्यातून ग्रूव्हची खोली ४.५ वजा केली, राहिले ०.३७.

फिलर गेजच्या पत्त्या अजून बाकावरच होत्या, ०.३० आणि ०.४०. साहेबांनी आकड्याकडे पाहिलं, पत्त्यांकडे पाहिलं आणि वही स्वतःकडे ओढून पुन्हा गुणाकार केला. इतक्या वर्षांत कागदावरचा आकडा आणि हातातली पत्ती इतकी जवळ आलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. कॉर्ड ऐन सहाची असती तरी २८.२७ झाले असते, म्हणजे मावली नसतीच. चूक कॉर्डच्या थोड्या जास्त जाडीची नव्हती. कॉर्ड घट्ट बसावी म्हणून कुणीतरी रुंदी तिच्या जाडीएवढी धरली होती.

व्हीटीएल या उभ्या लेथवर काम करणारे मामा शेजारी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ताई, खोलीच अर्धा मिलीमीटर वाढवतो. एकच पास लागेल, जेवायच्या आत देतो."

मोह पडण्यासारखी सूचना होती, कारण त्या दिवशी टेस्ट पास झाली असती. खोली ५.० केली की ग्रूव्ह ३१ चौरस मिलीमीटरचा होतो. ३०.१९ त्यात मावतात, झाकण टेकतं. स्क्वीझही १९ टक्के उरतो. थंड पाण्यावर ९ बार धरला असता.

पण हे हाउसिंग ८० अंशांच्या तेलावर चालणार होतं. तापल्यावर रबर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. पन्नास अंश तापमान वाढलं की त्याचं आकारमान साधारण अडीच टक्क्यांनी वाढतं. वर नायट्राइल तेल पिऊन फुगते, ते पाच टक्के धरू. ३०.१९ चे साडेबत्तीसच्या घरात जातात आणि ग्रूव्ह ३१ चाच. म्हणजे आज आमच्याकडे पास आणि काही दिवसांनी पार्टीच्या प्लांटमध्ये गरम तेलाची गळती. शिवाय पुढच्या गुंडाळीतली कॉर्ड ५.८ ची निघाली तर पाचच्या खोलीत तिला जेमतेम १४ टक्के स्क्वीझ मिळणार. मामांना एवढं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच मान हलवली. "मग रुंदच करू," म्हणाले.

किती रुंद, हे जाड कॉर्ड धरून काढलं. खोली ४.५ च ठेवली. ६.३ च्या कॉर्डला तिथे साडेअठ्ठावीस टक्के स्क्वीझ येतो आणि ५.८ ला सव्वाबावीस-साडेबावीस, दोन्ही चालण्यासारखे. ६.३ चं क्षेत्रफळ ३१.१७. थंड असताना तिने ग्रूव्हचा ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग भरू नये, असं ठरवलं. ३१.१७ भागिले ०.८५, भागिले ४.५, उत्तर ८.१५. म्हणून ८.२ धरले. आमच्या हातातल्या कॉर्डने यातला ८२ टक्के भाग भरणार होता आणि तापून, तेल पिऊन फुगल्यावर ८८. श्वास घ्यायला जागा राहत होती. याहून फार रुंद करण्यात अर्थ नव्हता. दाब वर-खाली झाला की मोकळी कॉर्ड ग्रूव्हमध्ये सरकत राहते आणि घासून झिजते.

आता भिंत कुठली कापायची? दाब आतून आहे, तो कॉर्डला बाहेर ढकलतो. म्हणून कॉर्ड पहिल्यापासून बाहेरच्या भिंतीला टेकलेली हवी, नाहीतर पहिल्या दाबाला ती ताणली जाईल आणि जोडावर ओढ येईल. बाहेरचा व्यास ५२० होता, तो तसाच ठेवला. आतली भिंत दोन मिलीमीटर मागे नेली, ५०७.६ चा व्यास ५०३.६ झाला. मामांनी झाकण पुन्हा टेबलावर घेतलं, डायल फिरवून सेंटर आणलं आणि आतल्या बाजूने बारीक काप घेत गेले. तळाला टूल टेकवू नका, असं मी दोनदा सांगितलं. तळावर ओरखडा उठला असता तर पाण्याला वाट मिळाली असती.

नवी कॉर्ड कापली. ५२० मधून एक जाडी वजा, म्हणजे मधल्या रेषेचा व्यास ५१३.८, लांबी १६१४ मिलीमीटर. टोकं तिरकी कापून सायनोअ‍ॅक्रिलेटने जोडली आणि जोड वरच्या अंगाला ठेवला.

साडेचार वाजता झाकण लावलं. या वेळी पाना फिरवतानाच फरक कळला. बोल्ट आधी मऊ फिरले आणि मग एकदम थांबले, धातू टेकल्यावर थांबतात तसे. फिलर गेजची ०.०५ ची पत्ती कुठेच शिरली नाही. ९ बारला अर्धा तास ठेवलं. बाहेर पाऊस सुरू होता, शेडच्या पत्र्यातून फ्लॅन्जवर दोन थेंब पडले आणि सगळे एकदम पुढे सरकले. मामांनी फडक्याने पुसलं. पुन्हा काही आलं नाही.

झाकण खोलून कॉर्ड पाहिल्याशिवाय मी सही करणार नव्हते आणि साहेबही नव्हते. वर आणि खाली सारख्या रुंदीचा चकचकीत पट्टा, कडा गोल, पापुद्रा कुठेही नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेली, आतल्या बाजूला बारीक मोकळी फट.

उरलेल्या चार झाकणांचं पॅकिंग संध्याकाळीच फोडायला लावलं. मामांनी ड्रॉइंगवर नवं माप लाल पेनने लिहून मागितलं, "तोंडी नको, ताई." मी लिहिलं: रुंदी ८.२, अधिक ०.१, उणे शून्य, खोली ४.५, अधिक-उणे ०.०५. आणि खाली एक ओळ जोडली, की कापायच्या आधी गुंडाळीतली कॉर्ड तीन ठिकाणी मोजून माप जॉब कार्डावर टाकावं. ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचली आणि व्हर्नियर घ्यायला आत गेले.