बिल होताना हात रिकामे असतात, तेव्हाच क्यूआर दिसला पाहिजे

इकडे परदेशात आल्यापासून मी एका रोपांच्या दुकानात काउंटर सांभाळते, आणि तिकडे स्वतःचं दुकान असलेल्या मैत्रिणी सारखं विचारतात की दुकानात आलेलं गिऱ्हाईक इन्स्टावर कसं आणायचं, म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट जागा. आमचा इन्स्टाचा क्यूआर दारावर नाहीये, काउंटरवर गिऱ्हाइकाच्या बाजूला तिरक्या स्टँडवर आहे, कारण मी रोप कागदात गुंडाळत असते तेवढा अर्धा मिनिट समोरच्याला काहीच काम नसतं आणि फोन बहुतेक वेळा हातातच असतो. आडवा चिकटवला तर वरच्या दिव्याची चमक पडते आणि कॅमेरा पकडत नाही, चकचकीत लॅमिनेशन असेल तर अजूनच, त्यामुळे मॅट कागद घ्या. साइज सहा-सात सेंटीमीटर पुरते आणि चारी बाजूंना पांढरी जागा सोडायचीच, डिझाइनवाले तिथे वेलबुट्टी काढतात आणि मग स्कॅन अडतो. शेजारी पैसे भरायचा क्यूआर असेल तर दोघांत अंतर ठेवा आणि रंग वेगळा करा, नाहीतर लोक पैसे भरायला चुकीचा स्कॅन करतात.

पण खरं काम कारणाचं. नुसतं 'आम्हाला फॉलो करा' लिहिलं तर कोणी का करेल? डिस्काउंट देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, लोक बिलापुरते फॉलो करतात आणि बाहेर पडून काढून टाकतात, शिवाय पैसे देऊन फॉलोअर गोळा करणं इन्स्टाग्रामच्या नियमांतही बसत नाही. कारण असं हवं की ते घरी गेल्यावरही चालू राहील. आमच्या स्टँडवर एवढंच लिहिलंय: 'नवीन रोपं आदल्या संध्याकाळी स्टोरीत दिसतात.' ज्याला हवं ते रोप संपलेलं असतं त्याच्यासाठी हे कारण अगदी नेमकं लागू पडतं, आणि मी तोंडानेही तेच सांगते, 'हे पुन्हा आलं की स्टोरीत टाकू.' अर्थात मग स्टोरी खरंच टाकावी लागते, दोनदा चुकली की तो माणूस बघणं सोडतो.

चालतंय का हे बघायला क्यूआरसाठी वेगळी, मोजता येणारी लिंक ठेवा. समजा दिवसात साठ बिलं झाली, बारा स्कॅन आले आणि फॉलोअर दोनच वाढले, तर स्टँड ठीक आहे, गळती पुढे आहे. बऱ्याचदा लिंक ॲपऐवजी ब्राउझरमध्ये उघडते, तिथे लॉगिन मागतात आणि माणूस फोन खिशात टाकतो. दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर स्वतः स्कॅन करून बघा, त्यात एखादा जुना असू द्या. उलट साठ बिलांत एकच स्कॅन असेल तर जागा किंवा वाक्य बदला. आणि मोजणारी लिंक फुकट ट्रायलवर घेतली असेल तर तिची मुदत आधी बघून ठेवा, ती संपली की छापलेला क्यूआर तसाच राहतो पण उघडत काहीच नाही.