हा सूर्यास्त कोणत्या गावचा?

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाची संहिता मी आजही अधूनमधून काढून वाचतो. आमचे चॅनल मोर्शी तालुक्यातले, प्रेक्षक बहुतेक वऱ्हाडातले, आणि सणवाराची प्रत्येक संहिता ध्वनिमुद्रणाआधी जाणकारांकडून तपासून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. बाहेरच्यांना वाटते की गुरुजींना मजकूर पाठवायचा, त्यांनी ‘ठीक आहे’ म्हणायचे, आणि झाली तपासणी. तसे केले तर गुरुजी मंत्रातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून देतात आणि बाकीचा मजकूर सभ्यपणाने सोडून देतात, कारण त्याबद्दल त्यांना कोणी विचारलेलेच नसते. म्हणून आमच्या तपासणीच्या कागदावर प्रत्येक विधानापुढे ते कशाचे आहे हे लिहिलेले असते: तिथी आणि वेळ, पूजेचा विधी, पुराणातली कथा, की नुसता गावचा रिवाज. प्रत्येक प्रकाराचा आधार निराळा असतो आणि त्याला उत्तर देणारा माणूसही बहुधा निराळा असतो.

त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५३ ला लागत होती आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१७ ला संपत होती. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या तीन मुहूर्तांत करायचे असते, आणि ही अमावास्या दोन्ही दिवशी सूर्यास्तानंतर होती. काशीच्या विद्वानांनी ३१ ऑक्टोबर धरला, महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी १ नोव्हेंबर. आमच्या शहरातल्या लेखकाने १ तारीखच धरली होती, पण मधले परिच्छेद एका हिंदी व्हिडिओवरून उतरवले होते. त्यामुळे संहितेत ‘कार्तिक अमावास्या’ असे आले होते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे ते बरोबरच आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपल्याकडे ती आश्विन अमावास्या. उसना मजकूर ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे. कृष्णपक्षातल्या कोणत्याही सणाच्या संहितेत महिना एकाने पुढे दिसला की मी तो परिच्छेद पूर्ण संशयाने वाचतो, कारण महिना उचलला असेल तर पूजेचे साहित्य, कथा आणि वेळाही तिथूनच उचललेल्या असतात.

हे माझ्या नजरेत आले होते. गुरुजींच्या नजरेत आले ते याहून महत्त्वाचे होते. संहितेत वाक्य होते: “सूर्यास्त ६:०५ ला आणि अमावास्या समाप्ती ६:१७ ला असल्याने पूजेसाठी अवघी बारा मिनिटे मिळतील, त्यानंतर केलेली पूजा निष्फळ होईल.” गुरुजी ओसरीवर बसून कागद वाचत होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “भाऊ, हा सूर्यास्त कोणत्या गावचा?”

तो मुंबईचा होता. मोर्शी मुंबईच्या पूर्वेला सुमारे पाच रेखांश आहे. दर रेखांशाला चार मिनिटे धरली तर सूर्य आमच्याकडे वीस मिनिटे आधी मावळतो, आणि हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडच्या गावाचा दिवस थोडा लहान असल्याने आणखी दोन-तीन मिनिटे जातात. गुरुजींनी पंचांगावरून मोर्शीचा सूर्यास्त ५:४२ काढला. अमावास्या मात्र घड्याळात सगळीकडे एकाच क्षणी, ६:१७ लाच संपते, कारण तिथी चंद्र आणि सूर्य यांच्या अंतरावर ठरते, आपल्या क्षितिजावर नाही. म्हणजे मुंबईत सूर्यास्तानंतर बारा मिनिटे अमावास्या होती, तर आमच्या गावी पस्तीस.

हा फरक नुसता आकड्यांचा नव्हता. दुसऱ्या दिवशी अमावास्या सूर्यास्तानंतर एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे टिकत असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असा एक आधार निर्णयासाठी सांगितला जातो. आमच्या गावी तो सरळ लागू पडत होता. मुंबईत घटिका पुरी होत नसल्याने तिथे १ तारखेचा निर्णय इतर वचनांवर उभा होता. लेखकाने मुंबईची वेळ आणि घटिकेचा आधार एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवले होते. गणित जाणणाऱ्या कोणत्याही प्रेक्षकाने ते दोन ओळींत खोडून काढले असते. तिथी तपासली, दिवस तपासला, तरी तो निर्णय कोणत्या गावाच्या सूर्यास्तावर उभा आहे हे न विचारता संहिता पुढे सरकवणे म्हणजे तपासणी नव्हे, हे माझे ठाम मत आहे.

‘निष्फळ’ या शब्दावर गुरुजी खरोखर रागावले. त्यांचे म्हणणे असे की शास्त्राने दिवस ठरवला की त्या दिवसाचा सगळा प्रदोष पूजेला चालतो. मध्येच प्रतिपदा लागली म्हणून ताम्हण उचलून ठेवायचे नसते. आमच्या गावी तो प्रदोष सव्वाआठपर्यंत होता. त्या दिवसांत कपाशीची वेचणी चालू असते. वेचणाऱ्या बाया दिवेलागणीला घरी येतात, मग हातपाय धुऊन चूल पेटते आणि नंतर पाटावर लक्ष्मी मांडली जाते. ६:१७ ची धमकी ऐकून त्यांनी काय केले असते, हा प्रश्न लेखकाला पडला नव्हता. तेव्हापासून ‘निष्फळ’, ‘दोष लागेल’, ‘अनिष्ट घडेल’ अशा प्रत्येक शब्दापुढे ग्रंथाचा आधार लिहिल्याशिवाय मी संहिता पुढे जाऊ देत नाही, आणि बहुतेक वेळा तो आधार मिळत नाही.

मग गुरुजींनी स्वतः एक वाक्य घालायला सांगितले: ज्यांच्या घरी उत्तरेकडची परंपरा आहे, त्यांनी आपल्या पुरोहितांना विचारून ३१ तारखेला पूजा केली तरी ती चूक नव्हे. बाजारपेठेत अशी व्यापारी घरे आहेत, त्यांचे वहीपूजन त्यांच्या पुरोहितांप्रमाणे होते. चॅनलच्या मालकांना हे वाक्य नको होते. प्रेक्षकाला एकच तारीख हवी असते, असे ते म्हणाले. व्यवहार म्हणून ते खरे असेल, पण तपासणाऱ्याने घातलेले वाक्य काढायचे असेल तर त्याची सहीही काढावी लागते, आणि ते मी स्पष्ट सांगितले. वाक्य राहिले.

गुरुजींनी प्रत्येक पानावर सही केली. निवेदिकेने मजकूर त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला, कारण कागदावर शुद्ध असलेला मंत्र तोंडात मोडतो आणि ते वाचल्याशिवाय कळत नाही. इथवर काम जसे व्हावे तसे झाले. व्हिडिओ लागला तेव्हा त्याच्या चित्रावर ठळक लाल अक्षरांत लिहिले होते: ‘फक्त ३५ मिनिटे!’ आणि कोपऱ्यात गुरुजींचा फोटो.

चित्र करणाऱ्या मुलाने आकडा संहितेतूनच घेतला होता, तेव्हा त्याच्या दृष्टीने तो तपासलेलाच होता. आत सव्वाआठपर्यंत वेळ आहे असे सांगणारी संहिता आणि बाहेर घाई लावणारे चित्र, आणि दोन्हींवर एकाच माणसाचे नाव. माझ्या फोनवर गुरुजी एवढेच म्हणाले, “माझा फोटो काढा, मग बाकीचं बोलू.” चित्र त्याच संध्याकाळी बदलले, पण तोवर ते गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरले होते.

आता शीर्षक, चित्रावरची अक्षरे, खालचे वर्णन आणि आम्ही वर चिकटवतो ती टिप्पणी यांचाही मजकूर सहीच्या कागदावर असतो, आणि तपासणाऱ्याचे नाव व फोटो वापरायची परवानगी वेगळी घेतो. मालकांची तक्रार अशी की शीर्षक शेवटच्या क्षणी बदलावे लागते आणि ऐन सणात गुरुजी दिवसभर लोकांच्या घरी पूजेला असतात, त्यांचा फोन लागत नाही. ही अडचण खरी आहे. तूर्त मी दोन-तीन पर्यायी शीर्षके आधीच मंजूर करून ठेवतो. त्याबाहेरचे शीर्षक सुचले तर ते सण संपेपर्यंत लावत नाही, आणि त्यावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही.