भयंकररावाचा चौथा खर्डा: पडणं कमी, नाव जास्त

आमच्या चाळीस मिनिटांच्या बालनाट्यातला खलनायक, भयंकरराव, परवा पहिल्यांदा मुलांसमोर नीट चालला. प्रेक्षक साधारण पाच ते नऊ वर्षांचे होते. मागच्या खर्ड्यात त्याच्या वेंधळेपणावर मुलांचं हसू टिकत नव्हतं, तिथूनच पुढचं सांगतो, कारण वेंधळा खलनायक लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते.

गोष्ट थोडक्यात अशी. पहाटेची घंटा वाजली नाही तर दिवस उगवत नाही. घंटाघराची किल्ली रेवा नावाच्या मुलीकडे आहे आणि भयंकररावाला ती पळवायची आहे. तिसऱ्या खर्ड्यात त्याचा वेंधळेपणा म्हणजे नुसती पडापड होती. शिडी मोडायची, बादली डोक्यावर यायची, स्वतःच्याच झग्यात पाय अडकायचा. तालमीला मुलांना बसवून पाहिलं. पहिल्या दोन वेळा ती खदखदून हसली, तिसऱ्या वेळी आवाज अर्ध्यावर आला आणि चौथ्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका मुलीने काळजीने विचारलं, "त्याला लागलं का?" तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. मुलांना त्याची दया आली की किल्ली जाईल ही भीती संपते, आणि भीती संपली की शेवटी रेवा जिंकते तेव्हा टाळ्याही पडत नाहीत.

चूक कारणात होती. शिडी मोडते तो अपघात, त्यात भयंकररावाचं काहीच नाही. हसू टिकायचं तर फजिती त्याच्या स्वभावातून यायला हवी. मग मी त्याला एकच खोड दिली: आपलं नाव कुणी चुकीचं घेतलं तर त्याला सहनच होत नाही. बढाईखोर भित्रा हा रंगमंचावरचा जुनाच गडी आहे, इटलीच्या कोम्मेदिया देल्लार्ते या जुन्या विनोदी नाट्यप्रकारातला कापितानो याच जातीचा. पण तिथली बढाई बहुतेक तोंडची असते. मला ती बेताच्या आड येणारी हवी होती.

आता प्रवेश असा आहे. भयंकरराव आधी प्रेक्षकांना बेत सांगतो: "पेटीत लपणार. शिपाई झोपणार. किल्ली माझी!" बेत तीन छोट्या वाक्यांतच सांगायचा. मुलांच्या तो ध्यानात राहिला नाही, तर तो फसतोय हे त्यांना कळणार कसं? तो पेटीत शिरतो, झाकण लागतं, शिपाई येतो आणि थोडं बोलून झाल्यावर म्हणतो:

शिपाई: इथे कुणी नाही. तो भोंगळराव पळाला वाटतं.
पेटी: भयंकरराव!
शिपाई: कोण बोललं?
पेटी: ...पेटी.

इथे हशा हमखास येतो. दुसऱ्या वेळी तो पडद्यामागे आहे. शिपाई पुन्हा "भोंगळराव" म्हणतो आणि भयंकरराव दोन्ही हातांनी तोंड दाबून धरतो. पडदा थरथरतो. ही जागा मी संवादाशिवाय ठेवली आहे, कारण मुलं इथे ओरडू लागतात आणि त्या गलक्यात कुठलंही वाक्य वाया जातं. ओरडा ओसरेपर्यंत नटाला कृती हवी: गाल फुगवणं, पाय आपटणं, अखेर "भ..." इतकंच निसटणं. आमच्या नटाने घाईने पुढचं वाक्य घेतलं तेव्हा शिपायाला प्रश्न काय पडला, हेच कुणाला ऐकू आलं नाही.

तिसरी वेळ रेवाची. किल्ली भयंकररावाच्या हातात आली आहे, तो अंधारात दबून बसला आहे आणि यावेळी त्याने तोंडाला रुमाल बांधलाय. म्हणजे तो शिकतो. हे फार उपयोगी पडलं, कारण खलनायक थोडा शहाणा झाला की धोका पुन्हा खरा वाटू लागतो. रेवा मोठ्याने म्हणते, "माझ्या किल्लीचा चोर कोण, तर... भोंगळराव!" शांतता. "भोपळेराव?" रुमाल हलतो. मग ती प्रेक्षकांकडे वळून विचारते, "काय बरं त्याचं नाव?" मुलांनी मुद्दाम चुकीची नावं ओरडायला सुरुवात केली. "भाजीराव!" "भित्रेराव!" त्याने रुमाल ओढून काढला, उभा राहून छाती काढून नाव सांगितलं आणि किल्ली घेऊन पुढे आलेल्या हातावर रेवाने झडप घातली. जल्लोष इथे झाला. पहिल्या दोन वेळा मुलं त्याच्या खोडीला हसली. तिसऱ्या वेळी तीच खोड रेवाने वापरली आणि त्यात त्यांचाही हात होता.

एक मर्यादा दिसली. चार वर्षांच्या आतली दोन भावंडं होती. 'आपल्याला ठाऊक आहे ते शिपायाला ठाऊक नाही' ही गंमत इतक्या लहानांना नीट उमगत नाही, त्यामुळे पेटीच्या प्रवेशात ती नुसती बघत राहिली. पडदा थरथरला तेव्हा मात्र हसली. म्हणून एक पडणं मी ठेवलं आहे: नाव सांगताना छाती इतकी पुढे काढतो की तोल जातो. कारण खोडीचंच आहे, त्यामुळे ते खपतं.

पाचव्या खर्ड्यात पेटीच्या प्रवेशातली शिपायाची चार वाक्यं कापायची आहेत. झाकण लागल्यापासून पहिल्या "भोंगळराव"पर्यंत फार वेळ जातो आणि तेवढ्यात मागच्या रांगा चुळबुळतात.