कॉझेटिव्हमधला 'चुकीचा पर्याय ओळखा' : माझा अनुभव

इंग्लिश ग्रामर टेस्टची तयारी करताना टेन्स, आर्टिकल, प्रिपोझिशन सगळं फटाफट उरकलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डोकं खाल्लं ते कॉझेटिव्हच्या, म्हणजे काम दुसऱ्याकडून करून घेतलं हे सांगणाऱ्या वाक्यांच्या, 'चुकीचा पर्याय ओळखा' या प्रकाराने. बरोबर वाक्य शोधायचं असेल तर एक पटलं की टिक करून मोकळं होता येतं, इथे मात्र बाकीची तीन बरोबर आहेत याची खात्री करत बसावं लागतं.

मूळ प्रकार तसा सोपाय. घर आपण हाताने रंगवलं तर 'आय पेंटेड माय हाऊस', पेंटर लावून रंगवून घेतलं तर 'आय हॅड माय हाऊस पेंटेड'. हॅडच्या जागी गॉट टाका, तेही चालतं, जरा बोलण्यातलं वाटतं इतकंच.

आता माझा जीव खाल्लेला प्रश्न बघा. एका सराव संचात नुसतं 'चुकीचं रूप निवडा' लिहिलेलं आणि खाली चार पर्याय: 'आय हॅड माय हाऊस पेंटेड', 'आय गॉट माय हाऊस पेंटेड', 'आय हॅड पेंटेड माय हाऊस' आणि 'आय गॉट द पेंटर टू पेंट माय हाऊस'. उत्तर दिलेलं तिसरं. का, ते कुठेच नाही, फक्त एक लाल फुली! आता तिसरं वाक्य इंग्लिश म्हणून चूक आहे का? अजिबात नाही. तो साधा पास्ट परफेक्ट आहे, पाहुणे यायच्या आधी मी घर रंगवून ठेवलं होतं, आणि ते मी स्वतः. म्हणजे वाक्य बरोबर, पण 'दुसऱ्याकडून करून घेतलं' हा अर्थ त्यात नाही. प्रश्नात 'पेंटरने काम केलं' एवढी एक ओळ घातली असती तर कुणाचीच तक्रार नव्हती, पण ती नाही, त्यामुळे एकटं वाक्य वाचलं तर चारही बरोबर ठरतात. शंका विचारायची सोय होती तिथे विचारलं तर उत्तर आलं 'नियम पाहा'. कुठला नियम, ते विचारून परत वाट बघण्यापेक्षा मी स्वतःच पेन घेऊन बसले.

त्यातून हाती लागलं ते असं की हॅडच्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं. आधी 'पेंटेड' आणि मग 'माय हाऊस' असेल तर काम कर्त्याने स्वतः केलंय. मधे 'माय हाऊस' आणि मग 'पेंटेड' असेल तर करून घेतलंय. प्रश्न मोघम असला आणि धडा कॉझेटिव्हचा असला, तर पहिल्या प्रकारावर बोट ठेवायचं, मनाला पटो न पटो. आणि हॅडऐवजी गॉट असेल, म्हणजे 'आय गॉट पेंटेड माय हाऊस', तर विचारच करू नका, ते कुठल्याही अर्थाने चूकच, कारण गॉट लावून परफेक्ट टेन्स होत नाही.

पुढची पायरी, मधे आलेली गोष्ट काम करते की तिच्यावर काम होतं? घर काही रंगवत नाही, ते रंगवलं जातं, म्हणून क्रियापदाचा थर्ड फॉर्म. पेंटर रंगवतो, म्हणून हॅड असेल तर नुसतं 'पेंट', गॉट असेल तर 'टू पेंट'. हा 'टू' म्हणजे पेपर काढणाऱ्यांचं लाडकं लेकरू. 'आय हॅड द पेंटर टू पेंट' चूक, 'आय गॉट द पेंटर पेंट' पण चूक, एकाचा काढून दुसऱ्याला चिकटवतात बस. 'आय हॅड माय हाऊस पेंट' हेही चूक, कारण घराला पेंटरचं रूप दिलंय.

हां, कट या शब्दापासून सावध राहा, त्याची तिन्ही रूपं सारखीच. 'आय हॅड माय हेअर कट' बघून क्रियापदाच्या शेवटी 'ईडी' नाही म्हणून चूक ठरवायचा मोह होतो, पण ते बरोबर आहे. 'आय हॅड माय फोन स्टोलन' पण बरोबर. स्वतःचा फोन कुणी मुद्दाम दुसऱ्याकडून चोरवून घेत नाही हे खरं, पण आपल्या बाबतीत नको ते घडलं हे सांगायलाही हीच रचना वापरतात, त्यामुळे अर्थ विचित्र वाटला म्हणून फुली मारू नका.

आणि एक राहिलंच, प्रश्नार्थक वाक्यं. इथलं हॅव मुख्य क्रियापद आहे, म्हणून प्रश्न डिडने सुरू होतो, 'डिड यू हॅव युवर हाऊस पेंटेड?' नकारातही 'आय डिडन्ट हॅव इट पेंटेड'. पर्यायांत 'हॅड यू युवर हाऊस पेंटेड' दिसलं की मी आता पुढचे पर्याय न वाचता तेच मार्क करते, त्यात वाचलेला वेळ पॅसेजला कामी येतो.