फलश्रुतीवरून पेटलेला ग्रुप आणि माझे तीन मसुदे

गणपती अथर्वशीर्षाच्या सहस्रावर्तनाची तयारी म्हणजे दूर्वा निवडायच्या, सतरंज्या मोजायच्या आणि प्रसादाचं सांगून ठेवायचं, असं मलाही वाटायचं. मग मला आमच्या संकुलातल्या गणेशभक्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची ॲडमिन केलं. माघी गणेशजयंती चार दिवसांवर आली होती. हॉल ठरला, गुरुजी ठरले, ४८ जणांनी नावं दिली. प्रत्येकी २१ आवर्तनं म्हणजे १००८, गणित छान बसलं. हे सगळं दोन दिवसांत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढचे दोन दिवस मात्र एका मेसेजवर गेले, आणि तो आठवला की अजूनही माझं डोकं तापतं.

झालं असं, की एका वहिनींनी सहज विचारलं, "फलश्रुती प्रत्येक वेळी म्हणायची का शेवटी एकदाच?" यावर दुसऱ्या विंगमधल्या काकांनी लिहिलं, "प्रत्येक वेळी. अर्धवट पाठ म्हणजे पाठच नव्हे." एका ताईंनी उत्तर दिलं, "आम्ही गेली कित्येक वर्षं शेवटीच म्हणतो. आमचं सगळं वाया गेलं म्हणायचं का?" बस्स. रात्री दहा ते साडेअकरा, फोन गरम. कुणी साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला, कुणी कुठल्याशा महाराजांचा व्हिडिओ, आणि ज्यांना अथर्वशीर्षाची पहिली ओळही धड येत नाही त्यांनी हात जोडलेल्या इमोजीची रांग लावली. दोघं ग्रुप सोडून गेले. त्यातले एक सतरंज्या देणार होते.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. अथर्वशीर्ष हे गणपतीचं उपनिषद. त्यात सुरुवातीला "भद्रं कर्णेभिः" हा शांतिमंत्र, मग "नमस्ते गणपतये" पासून "श्रीवरदमूर्तये नमः" पर्यंत मूळ स्तुती, आणि त्यापुढे "एतदथर्वशीर्षं योऽधीते" पासून फलश्रुती, म्हणजे हे म्हटल्याने काय मिळतं ते. पुष्कळ आवर्तनं करायची असली की शांतिमंत्र सुरुवातीला एकदा म्हणायचा, मूळ पाठ पुन्हा पुन्हा म्हणायचा आणि फलश्रुती शेवटच्या आवर्तनाला जोडायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. काकांचा मुद्दाही फेकून देण्यासारखा नव्हता. फलश्रुतीही त्याच उपनिषदातली आहे, ती कुणी मागाहून चिकटवलेली जाहिरात नव्हे, मग तीच का गाळायची? यावर "असंच करतात" याखेरीज माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

मी पहिली चूक केली ती रात्रीच. ग्रुपवर फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील असं सेटिंग करून टाकलं. वाटलं, सकाळपर्यंत सगळे थंड होतील. सकाळी मला खासगीत बावीस मेसेज आले होते. काकांना वाटलं मी ताईंच्या बाजूची, ताईंना वाटलं मी काकांना घाबरले. तोंड बंद केलं की माणसं शांत होत नाहीत, ती दुसऱ्या दाराने येतात. बंद करायचंच असेल तर आधी लिहा की किती वाजता उघडणार आहात. मी ते लिहिलं नव्हतं.

मग पहिला मसुदा. "दोन्ही पद्धती बरोबर आहेत, भाव महत्त्वाचा, बाप्पा सगळ्यांचं ऐकतो." पाठवला आणि दोन्हीकडून भडका उडाला. काका म्हणाले, "भावच महत्त्वाचा तर गुरुजी कशाला बोलावले?" आणि खरं सांगते, मला ते पटलं. गणेशजयंतीला ४८ माणसं एका सुरात बसणार, तेव्हा विसाव्या आवर्तनानंतर अर्धी फलश्रुतीत शिरली आणि अर्धी परत "नमस्ते गणपतये" वर आली, तर भाव काय करील? मी मेसेज डिलीट केला. त्यानेही फायदा नाही, तिथे डिलीट केल्याची खूण राहते आणि मग "काय होतं त्यात?" हाच नवा विषय होतो.

दुसरा मसुदा मी पाठवलाच नाही, हे एकच शहाणपण. त्यात मी सहा संदर्भ जमवले होते. नवऱ्याने वाचून विचारलं, "हे भांडण मिटवायला लिहितेस की जिंकायला?" मी चिडून फोन ठेवून दिला.

फोन ठेवला तो एका अर्थाने बराच झाला, कारण मग मी घड्याळ घेऊन बसले. मूळ पाठ सामुदायिक लयीत म्हणून पाहिला, साडेतीन मिनिटं लागली. फलश्रुतीसकट साडेपाच. फरक दोनच मिनिटांचा, पण एकवीस वेळा म्हणजे बेचाळीस मिनिटं. आमचं वेळापत्रक असं होतं, की साडेनऊला पूजा आणि संकल्प, सव्वादहाला आवर्तनं सुरू, आणि गणेशजन्म मध्यान्हीचा म्हणून बाराला पाळणा. फलश्रुती शेवटी एकदाच म्हटली तर आवर्तनं साडेअकराच्या सुमारास संपतात. प्रत्येक वेळी म्हटली तर बारा वाजून दहा मिनिटं होतात आणि जन्माची वेळ आवर्तनांतच निघून जाते. इतका वेळ कुणी हा हिशेब केलाच नव्हता, मीही नाही. सगळे शास्त्रावर भांडत होते.

मग काकांना फोन केला. ग्रुपवर नाही, फोनच. वाद घालायला नव्हे, एवढंच विचारायला की त्यांच्या घरी कसं म्हणतात. ते म्हणाले, वडील रोज स्नानानंतर एकदा म्हणायचे, पूर्ण, फलश्रुतीसह, आणि मुलांनी ती टाळली की पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावायचे. मी विचारलं, "काका, ते एकवीस वेळा कधी म्हणायचे?" पलीकडे थोडा वेळ शांतता. "संकष्टीला म्हणायचे. तेव्हा... तेव्हा शेवटीच म्हणायचे बहुतेक." म्हणजे काका रोजच्या एका पाठाबद्दल बोलत होते आणि ताई बैठकीतल्या अनेक आवर्तनांबद्दल. दोन वेगळ्या प्रसंगांची उत्तरं एकाच प्रश्नाला चिकटली होती, आणि त्यावर दीडशे मेसेज झाले होते.

गुरुजींना विचारलं तर ते एका वाक्यात मोकळे झाले. "संकल्पात जे म्हणाल ते करायचं. आधी ठरवा, मग मी म्हणतो." संकल्प म्हणजे पाणी सोडून काळ, स्थळ आणि काय करणार ते उच्चारणं. त्यात बसलेले सगळे त्या ठरावाला बांधले जातात. हे मला आधी सुचायला हवं होतं. कुणाचं बरोबर हे ठरवायची गरजच नव्हती, त्या दिवशी काय करायचं तेवढं ठरवायचं होतं.

शेवटी पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार. काल रात्री मी ग्रुप न सांगता बंद केला, ती माझी चूक. आता उघडा आहे. आपण दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत होतो. घरी रोज एकदा अथर्वशीर्ष म्हणताना ते फलश्रुतीसह म्हणायचं, ही काकांच्या घरची पद्धत. ती कुणी चुकीची म्हटलेली नाही. एका बैठकीत अनेक आवर्तनं करताना फलश्रुती शेवटच्या आवर्तनाला म्हणायची, ही ताईंनी सांगितलेली पद्धत, आणि काकांच्या वडिलांचीही संकष्टीला हीच होती. गणेशजयंतीला जन्म बाराला आहे. त्यामुळे शांतिमंत्र एकदा, मूळ पाठ एकवीस वेळा आणि एकविसाव्यानंतर फलश्रुती, असा संकल्प गुरुजी सांगतील. हा आपल्या त्या दिवसाच्या बैठकीचा ठराव आहे, घरच्या पाठाला लागू नाही. कुणाला अडचण वाटत असेल तर मला फोन करा, संध्याकाळी सहा ते आठ."

काकांच्या वडिलांबद्दल लिहिण्याआधी काकांना विचारलं होतं. हे विसरू नका. खासगीत ऐकलेलं न विचारता ग्रुपवर टाकलं असतं तर तिसरंच भांडण झालं असतं. आणि मेसेजखाली मी स्वतः कुठलीही चर्चा केली नाही. एकाने लगेच "पण शास्त्र काय सांगतं?" विचारलं, त्याला मी फोन नंबर दिला. त्याने फोन केला नाही. संध्याकाळी सहा ते आठमध्ये एकूण तीन फोन आले. त्यातला एक सतरंजीवाल्यांचा, "परत ॲड करा" म्हणून.

अभिषेकाचाही वाद आला होता, तो सांगायचा राहिला. मूर्ती शाडूची, तिच्यावर पाणी घालणार कसं? तिथे भांडणाला जागा नव्हती. पितळी मूर्ती ताम्हनात ठेवायची, वर गळती टांगायची, आणि शाडूच्या मूर्तीला दूर्वेने पाणी शिंपडायचं. माती विरघळते हे सगळ्यांना कळतं, म्हणून पाच मिनिटांत मिटलं. परदेशातून दोघं त्यांच्या घरी बसून म्हणणार होते. त्यांची आवर्तनं वेगळी लिहायची, हॉलच्या मोजणीत धरायची नाहीत, यालाही सगळे हो म्हणाले.

एक राहिलंच. आधी सगळ्यांनी एकच छापील प्रत घ्या. "त्वं अवस्थात्रयातीतः" ही ओळ काही पुस्तिकांत आहे, काहींत नाही, आणि सामुदायिक पाठ नेमका तिथे फुटतो. आम्ही झेरॉक्स वाटल्या तरी दुसऱ्या आवर्तनाला फुटलाच, कारण पाठ असणारे कागद बघत नाहीत. पाचव्यापासून जुळला.

प्रत्येकाच्या हातात एकवीस चौकटींचा कागद होता, आवर्तन झालं की खूण करायची. शेवटी मी सगळे कागद गोळा केले. तीन जणी मुलांची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून अठराव्यानंतर उठून गेल्या होत्या. तीन गुणिले तीन, नऊ कमी. १००८ वजा नऊ म्हणजे ९९९. मी ते दोनदा मोजलं. पाळणा झाला होता, लोक प्रसादाच्या रांगेत होते, आणि मी कागद हातात घेऊन उभी, आता ग्रुपवर हे सांगायचं का लपवायचं असा विचार करत.

काकांनी मागून डोकावून आकडा पाहिला. काही न बोलता गणपतीसमोर जाऊन बसले आणि एकटेच म्हणायला लागले, सावकाश, शांतिमंत्रापासून. "श्रीवरदमूर्तये नमः" झालं, आणि माझ्याकडे एकदा बघून त्यांनी फलश्रुती पूर्ण म्हटली.