उकडीला आवाज कुठे असतो?

गणपतीच्या आधी क्लायंटकडून उकडीच्या मोदकांचं काम आलं. तांदळाच्या पिठाचा ब्रँड, मिनिटभराचा व्हिडिओ, वरून कॅमेरा, फक्त हात, बोलणं अजिबात नाही आणि ब्रीफमध्ये मोठ्या अक्षरात ‘साउंड एकदम टेम्प्टिंग हवा’. आता भजी असती तर प्रश्नच नव्हता, तेलात सोडली की काम झालं, पण मोदक हा इतका गप्प पदार्थ आहे की नारळ खवणं आणि पाणी उकळणं सोडलं तर माइकला फारसं काही मिळतच नाही.

हात एका काकूंचे होते. क्लायंटला आधी नेलपेंटवाली हँड मॉडेल हवी होती, पण कळ्या पाडता येणारी हँड मॉडेल मला तरी भेटलेली नाही. काकूंच्या काचेच्या बांगड्या परातीला लागून सारख्या किणकिणायच्या, काढायला त्या तयार नव्हत्या आणि ते बरोबरच आहे, मग बांगड्या वर सरकवून रबरबँड लावला आणि फ्रेम मनगटापाशीच तोडली.

वरून शूट करताना एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही, खोली दिसत नाही. पारी वाटीसारखी झालीय की नुसतीच चकती आहे आणि कडा मधल्यापेक्षा पातळ आहेत का, हे वरून सगळं सपाटच दिसतं. त्यात पांढरं पीठ, म्हणून खाली काळा कडप्पा घेतला, लाइट फक्त डावीकडून ठेवला म्हणजे कळ्यांना सावली पडते, आणि काकूंना सांगितलं की पारी झाली की ती कॅमेऱ्याकडे जरा कलती करा. फोकस आणि एक्सपोजर लॉक, नाहीतर हात आत आला की चित्र श्वास घेतल्यासारखं उजळतं-मावळतं. प्रत्येक स्टेपच्या आधी फ्रेम रिकामी, मग हात आत, काम, हात बाहेर. काकूंना हे थांबणं अजिबात जमेना, ‘अरे उकड गार होतेय, तू काय थांब थांब करतोस!’ आणि त्यांचंच खरं होतं, गार उकडीची पारी कडेला चिरते, म्हणून उकड दोनदा काढून ठेवली होती. कळ्या पाडतानाचा एक आख्खा मोदक मी स्पीड न वाढवता ठेवला. नारळ खवणं फास्ट करा, गूळ विरघळणं फास्ट करा, पण बोटं कशी चिमटतात तेच जर पळवलं तर माणसाने बघायचं काय?

आवाज आम्ही चित्रानंतर वेगळा घेतला. फ्रिज बंद (गाडीची चावी फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे तो परत चालू करायचं विसरून घरी जाता येत नाही), पंखा बंद, माइक परातीपासून वीतभर. तेही सकाळीच, कारण संध्याकाळी मागच्या मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस असते. खवणीची खरखर छान आली, झाकण उचलतानाची वाफ आली. उकड मळतानाचा मात्र एक हलका थपथप, बस.

पहिल्या कटवर क्लायंटचा फोन, ‘मळताना काही फील येत नाहीये.’ आमच्या एडिटरने, हा पोरगा हुशार आहे पण घरी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, साउंड लायब्ररीतून एक ओला, गच्च पचपच आवाज तिथे लावला. हेडफोनवर खरंच भारी वाटत होतं, क्लायंट खूश. मी सहज काकूंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावलाच नाही, पदराला हात पुसत नुसतं ऐकत होत्या आणि मळण्याशी आल्यावर म्हणाल्या, ‘पाणी जास्त झालंय रे हिच्यात. ही वळायची नाही, उकडताना बसणार.’ मी म्हटलं काकू, हे तुमचेच हात आहेत. ‘माझे हात असतील, उकड माझी नाही.’

वाटीला वाटी पाणी, मीठ, चमचाभर तूप, पीठ घालून झाकण, हे सगळं आम्ही पाटीवर लिहिलं होतं. पण पिठापिठात फरक असतो, जुन्या तांदळाचं पीठ पाणी जास्त पितं, मग पुरेसं झालं हे कळणार कशावरून? हाताला कळतं, आणि काकूंच्या हिशोबाने कानाला. आम्ही नेमकी तीच खूण पुसून उलटी लावली होती. भज्यांत कढई मोठी ऐकवली तर काही बिघडत नाही, इथे एखादी नवशिकी बाई पचपच ऐकून पाणी वाढवेल.

मी मूळ थपथप परत लावून पाठवला, फक्त थोडा वर उचलून. क्लायंटने पचपचवालाच लावला, ‘व्ह्यूअरला एवढं कळत नाही’ म्हणे. एडिटरही तेच म्हणतो. मला अजून पटत नाही, कारण ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच तर रेसिपी असते ना?

आता पुढचं काम पुरणपोळीचं आहे. कोटेशनमध्ये एक ओळ घातलीय, फायनलच्या आधी काकू एकदा ऐकणार, पैसे वेगळे नाहीत. क्लायंटने अजून ओके दिलेलं नाही.