पीएचडीसाठी प्रोफेसरांना पाठवलेला मेल आणि त्यातल्या चार ओळी : माझा अनुभव

पीएचडीसाठी गाइड शोधत होते तेव्हा पहिल्या दीड महिन्यात मी २३ प्रोफेसरांना मेल केले. त्यातल्या दोघांचा रिप्लाय आला, दोन्ही एकेका ओळीचे, सध्या जागा नाही म्हणून. नंतर एकच मेल लिहायला मी अकरा दिवस घेतले आणि त्याला चौथ्या दिवशी उत्तर आलं, तेही माझ्या कल्पनेवर प्रश्न विचारणारं. दोन्ही वेळा मी तीच, मार्क तेच, सीव्ही तोच. बदलला होता तो फक्त मेल, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या चार ओळी.

माझा विषय रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहावरच्या रडारने शेतातल्या मातीचा ओलावा काढणं. आधीच्या मेलमध्ये मी काय लिहायचे, तर सुरुवातीला आपल्या संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झाले आहे, मग माझी डिग्री, टक्केवारी, केलेले वर्कशॉप, येणारी सॉफ्टवेअर्स असे तीन परिच्छेद, आणि अगदी शेवटी एक वाक्य की उपग्रहाच्या डेटावर डीप लर्निंग वापरून मातीचा ओलावा अचूक काढायचा आहे. साधारण साडेसहाशे शब्द, सोबत चार अटॅचमेंट.

हा मेल मी आमच्या लॅबमधल्या एका सीनियर ताईला दाखवला, ती पोस्टडॉक करते. तिने तो मोबाइलवर वाचला, तीन वेळा स्क्रोल केलं आणि विचारलं, "अचूक काढायचंय म्हणतेस, मग आत्ता चुकतंय कुठे?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "वरचं नाव बदललं तर हा मेल दुसऱ्या कुणालाही जाईल ना? मग समोरच्या प्रोफेसरांनी तो स्वतःचा समजून का वाचावा?"

मग मी यादी बाजूला ठेवली आणि एकच प्रोफेसर मॅडम निवडल्या ज्यांचं काम माझ्या मास्टर्सच्या प्रोजेक्टला सगळ्यात जवळचं होतं. त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर काढले आणि यावेळी फक्त सारांश वाचून सोडले नाहीत, तर पद्धत, चर्चा आणि शेवटी मर्यादांचा जो छोटा परिच्छेद असतो तो नीट वाचला. त्या परिच्छेदाकडे मी आधी कधी लक्षच दिलं नव्हतं, आणि तिथे तर संशोधक स्वतःच सांगत असतात की आमचं इथे अडलं.

एका पेपरमध्ये गव्हाच्या शेताचा आलेख होता. जमिनीत ५ सेंटिमीटरवर पुरलेल्या सेन्सरचे ठिपके आणि रडारवरून काढलेल्या ओलाव्याची रेघ. पहिले काही आठवडे पाऊस पडला की ठिपके वर जातात आणि रेघही त्यांच्यासोबत वर जाते, मग पीक वाढायला लागतं आणि रेघ सपाट होत जाते, ठिपके मात्र प्रत्येक पावसाला उडी मारतच राहतात. त्यानंतरच्या तारखा दाट पीक म्हणून विश्लेषणातून वगळल्या होत्या, तसं खाली एका वाक्यात लिहिलं होतं. मी त्या आलेखापाशी बराच वेळ थांबले, कारण माझ्या प्रोजेक्टमध्येही माझी रेघ अशीच सपाट झाली होती आणि मला वाटलं होतं की माझंच काहीतरी चुकलंय.

कारण थोडक्यात असं आहे. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार सी-बँडचं, तरंगलांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. मोकळ्या जमिनीवर हे छान चालतं, पण पीक दाट झालं की लाट पानांत आणि देठांत विखुरते, मातीपर्यंत कमी पोचते, आणि परत येताना पुन्हा पिकातूनच येते. पिकाचा हा वाटा वेगळा काढण्यासाठी वॉटर क्लाउड मॉडेल नावाचं १९७८ पासूनचं साधं मॉडेल वापरतात, ते पिकाला पाण्याच्या थेंबांच्या ढगासारखं धरतं. त्यातले गुणांक बऱ्याचदा पूर्ण हंगामासाठी एकदाच बसवले जातात. पण गहू काही हंगामभर एकसारखा नसतो, सुरुवातीला नुसती पानं असतात, नंतर उभी देठं वाढतात आणि ती व्हीव्ही सिग्नल जास्त शोषतात. व्हीव्ही म्हणजे उभ्या ध्रुवणात पाठवून उभ्यातच टिपलेला, आणि आडव्यात टिपला तर तो व्हीएच. मग एकच गुणांक कसा पुरेल? इथे मला माझा प्रश्न मिळाला.

पहिल्या ड्राफ्टमध्ये ही कल्पना चौदा वाक्यांची झाली. त्यात एल-बँड रडारशी तुलना पण होती, तिची तरंगलांबी चोवीस सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे ती पिकातून जास्त आत जाते, म्हणून मला तो भाग फार आवडायचा. ताईने तोच आधी काढायला लावला. म्हणाली हे दुसरं पीएचडी आहे, एका मेलमध्ये दोन प्रश्न टाकलेस तर वाचणाऱ्याला कळणार नाही तुला नक्की कुठला हवाय. मग चार ओळी ठरल्या : मॅडमच्या पेपरमध्ये कुठे थांबलंय, माझ्या मते का थांबलंय, मी काय करून बघेन, आणि जमलं नाही हे कसं कळेल. चौथी ओळ मला सगळ्यात जड गेली, दोन दिवस फक्त त्या ओळीवर गेले. सुरुवातीला मी लिहिलं होतं की अचूकता वाढेल अशी अपेक्षा आहे, पण ही काही कसोटी नाही, असं तर प्रत्येकजण लिहितो.

मूळ मेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा :

"विषय : पीएचडीसाठी विचारणा, दाट पिकाखालचा मातीचा ओलावा (सेंटिनेल-१)

प्रिय प्रोफेसर (आडनाव),

मी रिमोट सेन्सिंगमध्ये मास्टर्स पूर्ण केलं आहे. प्रबंधात सेंटिनेल-१ वरून दोन हंगामांचा मातीचा ओलावा काढून जमिनीतल्या सेन्सरशी ताडून पाहिला. पुढच्या प्रवेशात तुमच्याकडे पीएचडीसाठी अर्ज करावा असा विचार आहे.

तुमच्या गव्हावरच्या पेपरमध्ये पीक दाट झाल्यानंतरच्या तारखा वगळल्या आहेत, माझ्या प्रबंधातही त्याच टप्प्यावर अंदाज सपाट झाले. मला वाटतं याचं एक कारण म्हणजे वॉटर क्लाउड मॉडेलचे गुणांक हंगामभर स्थिर धरले जातात, पण पिकाची रचना बदलत असते. व्हीएच आणि व्हीव्ही यांच्या गुणोत्तरावरून वाढीचा टप्पा ओळखून गुणांक टप्प्यानुसार बदलावेत आणि इंटरनॅशनल सॉइल मॉइश्चर नेटवर्कच्या खुल्या सेन्सर डेटावर तपासावेत असा माझा प्रस्ताव आहे. ज्या टप्प्यानंतर हा अंदाज निव्वळ पावसाच्या नोंदींवरून केलेल्या अंदाजापेक्षा चांगला राहणार नाही, ती सी-बँडची मर्यादा मानता येईल.

या प्रवेशात तुम्ही नवीन विद्यार्थी घेणार आहात का? घेणार असाल तर या कल्पनेवर २० मिनिटं बोलता येईल का? दोन पानी सीव्ही जोडला आहे, प्रबंधाची लिंक त्यातच आहे."

बस एवढाच. मार्कांचा उल्लेख नाही, ते सीव्हीत आहेत. तुमचं कार्य महान आहे वगैरे नाही, कारण पेपर वाचलाय हे त्या वगळलेल्या तारखांवरूनच दिसतं. प्रबंधाचं एक वाक्य मात्र मी मुद्दाम ठेवलं, कारण ही नुसती वाचलेली कल्पना नाही, मी तो डेटा स्वतः हाताळलाय आणि तिथेच अडलेय, हे त्यातून कळतं.

पाठवण्याआधी दोन गोष्टी बघितल्या. एक म्हणजे लॅबच्या पानावर नवीन विद्यार्थी घेत नाही असं लिहिलंय का, कारण आधीच्या २३ मधल्या निदान दोघांच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी ते उघडलंच नव्हतं. दुसरं म्हणजे प्रवेश कोण देतं. काही ठिकाणी प्रोफेसर थेट विद्यार्थी निवडतात आणि काही ठिकाणी विभागाची समिती ठरवते, समिती असेल तर मला घ्या असं लिहून उपयोग नाही, त्यांच्या हातातच ते नसतं, फक्त विद्यार्थी घेणार आहात का, विषय जुळतो का आणि अर्जात तुमचं नाव देऊ का एवढंच विचारायचं. इथे समिती होती हे मला पान नीट वाचल्यावर कळलं, म्हणून आधीच्या ड्राफ्टमधलं "मला तुमच्या लॅबमध्ये जागा द्यावी" हे वाक्य काढून विद्यार्थी घेणार आहात का असं केलं. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी त्याच मेलच्या खाली दोन ओळींची आठवण करायची असंही ठरवलं होतं, ती वेळ आली नाही.

चौथ्या दिवशी रिप्लाय आला, नमस्कारानंतर सरळ प्रश्न : "रफनेसचं काय करणार?"

हा प्रश्न बरोबर होता आणि माझ्या मेलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. रडारला खडबडीत जमीन आणि ओली जमीन दोन्ही उजळ दिसतात, त्यामुळे नांगरट झाली की पाऊस न पडताही ओलावा वाढल्यासारखा वाटू शकतो. लगेच काहीतरी लिहून पाठवायचा मोह झाला होता पण मी दोन दिवस घेतले, माझ्याच प्रबंधाचा डेटा पुन्हा उघडला, आणि लिहिलं की पेरणीपासून कापणीपर्यंत नांगरट होत नाही, म्हणून त्या काळात रफनेस जवळपास स्थिर धरून फक्त बदल मोजेन, पण जोरदार पावसाने ढेकळं बसतात आणि पेरणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे गृहीतक कच्चं आहे, तिथे माझ्याकडे अजून उपाय नाही. शेवटचं अर्धं वाक्य लिहू की नको यात मी खूप अडकले होते. ताई म्हणाली लिही, त्यांना ते माहितीच आहे, तुला माहिती आहे का हे त्या बघतायत.

त्यानंतर कॉल ठरला, २० मिनिटांचा सांगून ४० मिनिटं चालला. मॅडमनी माझी तिसरी ओळ बरीच फोडून काढली, गुणोत्तर फक्त वाढीच्या टप्प्याने बदलत नाही, पानांवर दव असेल किंवा पीक आडवं पडलं तरी बदलतं, मग टप्पा चुकीचा ओळखशील असं त्यांचं म्हणणं. चौथ्या ओळीवर मात्र त्या थांबल्या. म्हणाल्या, कुठपर्यंत चालतं ते सगळे दाखवतात, कुठे चालणं थांबतं तो भाग पुढे घे, पीएचडी त्यात आहे, आणि अर्जात माझं नाव दे.

अर्जातल्या संशोधन प्रस्तावाला मी त्याच चार ओळींनी सुरुवात केली, फक्त चौथी ओळ उचलून पहिली केली आणि तिसरीत दवाचा मुद्दा घातला. मुलाखतीला समितीने पहिला प्रश्न रफनेसचाच विचारला.